इंडिपेंडंट सेटचं व्हर्टेक्स कव्हरमध्ये रिडक्शन: अवघडपणा कोणत्या दिशेला जातो

प्रश्न: व्हर्टेक्स कव्हर अवघड आहे हे दाखवताना इंडिपेंडंट सेटचं रूपांतर व्हर्टेक्स कव्हरमध्ये करतात. मला हे उलटं वाटतं. ज्याचा अवघडपणा दाखवायचा, त्याचंच रूपांतर करायला नको का? शिवाय दोघांत फरक आहे तो नुसता एका वजाबाकीचा. एवढ्याशा गोष्टीतून ‘अवघड’ सिद्ध कसं होतं?

उत्तर: गोंधळ तुमचा एकट्याचा नाही, आणि त्यात थोडा दोष या उदाहरणाचाही आहे. ही जोडी इतकी सममित आहे की रिडक्शन उलट्या दिशेने लिहिलं तरी ते चालतं. त्यामुळे दिशा चुकलेला विद्यार्थीही इथे बरोबर ठरतो, आणि मग ती चूक पुढे भलत्याच ठिकाणी फुटते. माझी कामावर फुटली.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक काम आलं होतं. एकच सभागृह, त्यासाठी आलेल्या शेकडो मागण्या, प्रत्येकीची सुरुवातीची आणि शेवटची वेळ ठरलेली. एकमेकींवर न आदळणाऱ्या जास्तीत जास्त मागण्या मंजूर करायच्या. मी ग्राफ काढला: प्रत्येक मागणी म्हणजे एक नोड, आणि ज्या दोन मागण्यांच्या वेळा आदळतात त्यांच्यात एक कड. आता हवेत असे नोड, ज्यांच्यात एकही कड नाही. म्हणजे इंडिपेंडंट सेटच! मी बैठकीत ठामपणे सांगून टाकलं की हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, अचूक उत्तराचा नाद सोडा. शेजारच्या सहकाऱ्याने ऐकून घेतलं आणि दुपारी दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम दाखवला. मागण्या संपण्याच्या वेळेनुसार क्रमाने लावायच्या, जी आधी संपते ती घ्यायची, तिच्यावर आदळणाऱ्या सोडायच्या, पुढे जायचं. उत्तर अचूक, आणि वेळ लागतो तो क्रम लावण्यापुरता.

माझं रूपांतर चुकलं नव्हतं. त्यातून मी काढलेला निष्कर्ष चुकला होता.

‘अ’ प्रश्नाचं ‘ब’ मध्ये रिडक्शन झालं, याचा अर्थ एवढाच: ‘ब’ सोडवणारं यंत्र कुणी मला फुकट दिलं, तर थोडी जुळवाजुळव करून मी ‘अ’ सोडवू शकतो. म्हणजे ‘ब’ च्या अंगात निदान ‘अ’ इतका तरी दम आहे. आता या वाक्याला दोन्ही बाजूंनी हात घालून बघा. ‘ब’ सोपा निघाला तर ‘अ’ ही सोपा, कारण यंत्र मिळालंच. आणि ‘अ’ अवघड आहे हे आधीच ठाऊक असेल तर ‘ब’ सोपा असूच शकत नाही, कारण तसं यंत्र असतं तर ‘अ’ ही सुटला असता. सोपेपणा ‘ब’ कडून ‘अ’ कडे येतो, अवघडपणा ‘अ’ कडून ‘ब’ कडे जातो.

मी सभागृहाचा प्रश्न इंडिपेंडंट सेटमध्ये नेला होता. त्यातून फार तर एवढं निघतं की इंडिपेंडंट सेट हा सभागृहाच्या प्रश्नाइतका तरी अवघड आहे. हे खरं आहे, पण त्याचा कुणाला काही उपयोग नाही. सोपा प्रश्न अवघड प्रश्नाच्या भाषेत मांडणं नेहमीच जमतं. सुईचं काम तलवारीने करायला घेतलं म्हणून सुई जड होत नाही. अवघडपणा सिद्ध करायचा तर मला उलटं दाखवावं लागलं असतं: *कुठलाही* ग्राफ दिला तरी मी त्यातून सभागृहाच्या मागण्या अशा बनवू शकतो की आदळणाऱ्या जोड्या अगदी त्या ग्राफच्या कडांसारख्याच असतील. ते जमत नाही. चार नोडचं साधं वर्तुळ घ्या: पहिली दुसरीवर आदळते, दुसरी तिसरीवर, तिसरी चौथीवर, चौथी पहिलीवर, पण समोरासमोरच्या आदळत नाहीत. वेळेच्या सरळ रेषेवर चार मागण्या अशा बसवून दाखवा. कागदावर दोन मिनिटं प्रयत्न केलात की का बसत नाहीत ते हाताला कळेल.

म्हणून तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर असं: व्हर्टेक्स कव्हरचा अवघडपणा दाखवायचा असेल तर ज्याचा अवघडपणा आधीच मान्य आहे तो इंडिपेंडंट सेट उचलायचा आणि तो व्हर्टेक्स कव्हरच्या यंत्राकडून सोडवून घ्यायचा. रूपांतर जुन्या ओळखीच्या प्रश्नाचं होतं, आरोप नव्या प्रश्नावर ठेवला जातो.

आता ही जोडी जवळून बघू. इंडिपेंडंट सेटचा प्रश्न: ग्राफ `G` आणि आकडा `k` दिला आहे, एकमेकांना कडेने न जोडलेले निदान `k` नोड आहेत का? व्हर्टेक्स कव्हरचा प्रश्न: जास्तीत जास्त `k` नोड असे निवडता येतात का, की प्रत्येक कडेचं निदान एक टोक निवडलेल्यांत असेल? दोन्हींचं उत्तर हो किंवा नाही. रिडक्शन एका ओळीचं आहे. ग्राफला हात लावायचा नाही, फक्त आकडा बदलायचा:

```
(G, k)  →  (G, n - k)      n = G मधले एकूण नोड
```

हे का चालतं? समजा `S` मधल्या कुठल्याही दोन नोडमध्ये कड नाही. मग ग्राफमधली कुठलीही कड घ्या, तिची दोन्ही टोकं `S` मध्ये असू शकत नाहीत. म्हणजे निदान एक टोक `S` च्या बाहेर आहे. ‘बाहेरचे सगळे’ मिळून प्रत्येक कड झाकतात, आणि यालाच कव्हर म्हणतात. उलट बाजूनेही तसंच: `C` प्रत्येक कड झाकतो, तर `C` बाहेरच्या दोन नोडमध्ये कड असती तर ती झाकायची राहिली असती. म्हणून बाहेरच्यांत कड नाही. सिद्धता इथे संपली.

पाच नोडचं वर्तुळ घ्या, १-२-३-४-५ आणि परत १. कडा पाच. `k = 2` विचारलं तर उत्तर हो, उदाहरणार्थ १ आणि ३. उरलेले २, ४, ५ बघा: १-२ आणि २-३ या कडा २ ने झाकल्या, ३-४ ही ४ ने, ४-५ दोघांनी मिळून, ५-१ ही ५ ने. तीन नोडचं कव्हर मिळालं, आणि `5 - 2` म्हणजे तीनच. आता `k = 3` विचारा. वर्तुळात एकमेकांना न टेकणारे तीन नोड बसत नाहीत, उत्तर नाही. दुसऱ्या बाजूला प्रश्न होतो दोन नोडच्या कव्हरचा. प्रत्येक नोडवर दोनच कडा आहेत, दोन नोड जास्तीत जास्त चार कडा झाकतील, पाचवी राहणारच. तिथेही नाही.

ही दुसरी तपासणी लोक हमखास विसरतात. ‘हो’ चं ‘हो’ होतं एवढं दाखवून थांबतात. पण ‘नाही’ चंही ‘नाही’ व्हायला हवं, नाहीतर यंत्राच्या उत्तरावर विश्वास ठेवता येणार नाही. आकडा न बदलता `(G, k)` तसाच पुढे पाठवला तर काय होतं ते याच वर्तुळावर दिसतं. `k = 3` ला इंडिपेंडंट सेटचं उत्तर नाही, पण तीन नोडचं कव्हर मात्र आहे. `k = 2` ला नेमकं उलटं. एकाच ग्राफवर दोन्ही बाजूंनी खोटं.

स्वतःचं रिडक्शन लिहिलंत की सिद्धतेला बसण्याआधी ते छोट्या ग्राफवर चोपून बघायची सवय लावा. पाच नोडवर शक्य असलेल्या कडा १०, म्हणजे एकूण ग्राफ १०२४. सगळे तपासायला क्षणभर पुरतो.

```python
from itertools import combinations as comb

n = 5
pairs = list(comb(range(n), 2))

def ind(E, k):
    return any(all(not (u in S and v in S) for u, v in E)
               for S in comb(range(n), k))

def cover(E, k):
    return any(all(u in C or v in C for u, v in E)
               for C in comb(range(n), k))

for m in range(2 ** len(pairs)):
    E = [e for i, e in enumerate(pairs) if m >> i & 1]
    for k in range(n + 1):
        assert ind(E, k) == cover(E, n - k)
```

इथे नेमके `k` नोड तपासले आहेत. ते पुरतं, कारण इंडिपेंडंट सेटमधून नोड काढले तरी तो इंडिपेंडंटच राहतो आणि कव्हरमध्ये नोड वाढवले तरी ते कव्हरच राहतं. शेवटच्या ओळीत `n - k` ऐवजी `k` लिहून चालवा: एकच कड असलेल्या पहिल्याच ग्राफवर प्रोग्रॅम आपटतो. अशी चाचणी पास होणं म्हणजे सिद्धता नव्हे, पण नापास होणं म्हणजे सिद्धता लिहायचा वेळ वाचला.

आता रिडक्शनच्या सांगायच्या राहिलेल्या एका अटीकडे: ‘बहुपदी’ वेळ. रूपांतराला लागणारा वेळ इनपुटच्या आकाराच्या बहुपदीत बसला पाहिजे, आणि ही अट शोभेची नाही. ती काढली तर मी असं ‘रिडक्शन’ देईन: दिलेल्या ग्राफमधले नोडचे सगळे `2^n` गट तपासतो. इंडिपेंडंट सेट सापडला तर एक कड आणि आकडा १ लिहून पाठवतो, नाही सापडला तर तीच कड आणि आकडा ०. ‘हो’ चं ‘हो’, ‘नाही’ चं ‘नाही’, दोन्ही अटी पाळल्या. पण अवघड काम सगळं मीच केलं, यंत्राच्या वाट्याला काही आलंच नाही. मग त्या यंत्राच्या ताकदीबद्दल काय कळणार? `n - k` काढताना ती फसवणूक शक्य नाही. वजाबाकी इतकी क्षुल्लक आहे की अवघडपणा तिच्यात लपायला जागाच नाही. तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर यात आहे: रूपांतर जेवढं क्षुल्लक, तेवढं दोन प्रश्नांमधलं नातं घट्ट. अवघडपणा वजाबाकीतून *तयार* होत नाही, तो आधीचाच असतो, वजाबाकीतून फक्त पलीकडे जातो.

आधीचा म्हणजे कुठून आलेला? इंडिपेंडंट सेट अवघड असल्याचं कुणी कधी निखालस सिद्ध केलेलं नाही. १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी दाखवलं की एनपी मधला प्रत्येक प्रश्न तार्किक सूत्रांच्या समाधानाच्या प्रश्नात, म्हणजे सॅटमध्ये, नेता येतो. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी तिथून रिडक्शनची साखळी ओढून २१ प्रश्न एनपी-कम्प्लीट ठरवले. व्हर्टेक्स कव्हर त्या यादीत आहे, तिथे ते क्लीकवरून आलं. क्लीक म्हणजे पूरक ग्राफमधला इंडिपेंडंट सेट. म्हणून आपलं विधान पूर्ण लिहायचं तर असं: `P ≠ NP` असेल, तर व्हर्टेक्स कव्हर बहुपदी वेळेत सुटत नाही. ‘असेल तर’ गाळू नका.

खऱ्या कष्टाचं रिडक्शन बघायचं असेल तर ३-सॅटवरून इंडिपेंडंट सेटकडे येणारं बघा. सूत्रातल्या तीन पदांच्या प्रत्येक कलमासाठी तीन नोडचा त्रिकोण, आणि `x` व `not x` अशा विरोधी नोडमध्ये जिथे जिथे ते येतील तिथे कड. `k` म्हणजे कलमांची संख्या. त्रिकोणातून एकाहून जास्त नोड घेता येत नाही, म्हणून `k` नोड हवे तर प्रत्येक कलमातून बरोबर एक पद निवडून ते खरं ठरवावं लागतं, आणि विरोधी पदं एकत्र येत नाहीत. इथे दिशा उलटून चालत नाही. हे बांधकाम सूत्र घेऊन ग्राफ देतं, आणि तोही एका ठराविक घाटाचा. हातात आलेला कुठलाही ग्राफ त्यातून उलटा फिरवून सूत्र मिळत नाही. त्यासाठी वेगळंच रिडक्शन रचावं लागतं. दिशेची जाण पक्की करायला हे उदाहरण व्हर्टेक्स कव्हरपेक्षा कितीतरी बरं.

याच्या पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि शिकवताना तो बहुतेक वेळा राहून जातो. दोन प्रश्न एकमेकांत वजाबाकीने बदलतात म्हणून ते सगळ्याच बाबतीत सारखे, असं मुळीच नाही. रिडक्शनने हमी दिली ती फक्त अचूक हो-नाही उत्तराची.

अचूक उत्तर सोडून जवळपासचं चालेल असं ठरवलं की व्हर्टेक्स कव्हर एकदम मवाळ होतं. जिचं एकही टोक अजून निवडलेलं नाही अशी कड शोधा, दोन्ही टोकं उचला, आणि जोवर अशी कड उरते तोवर हेच करत राहा. उचललेल्या कडांना सामाईक नोड नाही, म्हणून कुठल्याही कव्हरला त्या प्रत्येकीचं निदान एक टोक घ्यावंच लागतं. आपण दोन घेतली. म्हणजे आपलं कव्हर सर्वांत लहान कव्हरच्या दुपटीपेक्षा मोठं कधीच नाही.

साहजिकच वाटतं की हे कव्हर घ्यावं, उरलेले नोड इंडिपेंडंट सेट म्हणून वापरावेत, झालं काम. एकमेकींना न टेकणाऱ्या ५०० सुट्या कडांचा ग्राफ घ्या, नोड १०००. सर्वांत लहान कव्हर ५०० चं, प्रत्येक कडेचं एक टोक. सर्वांत मोठा इंडिपेंडंट सेटही ५०० चा. वरची रीत चालवली तर ती सगळेच्या सगळे १००० नोड उचलते. कव्हरची दुपटीची हमी काटेकोर पाळली गेली. उरलेले नोड किती? शून्य. ५०० चा सेट समोर पडलेला असताना हातात काही नाही. वजाबाकी अचूक आकडे सांभाळते, पट सांभाळत नाही. आणि हा दोष केवळ या एका रीतीचा नाही: `P ≠ NP` असेल तर सर्वसाधारण ग्राफवर इंडिपेंडंट सेटसाठी कुठल्याही ठरलेल्या पटीची हमी देणारी बहुपदी रीत असूच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

दुसरी फारकत लहान `k` वर होते. दहा नोडचं कव्हर हवं असेल तर न झाकलेली कुठलीही कड घ्या: तिचं हे टोक किंवा ते टोक निवडावंच लागेल, तिसरा पर्याय नाही. दोन फांद्या, खोली जास्तीत जास्त दहा, म्हणजे शेवटी `2^10 = 1024` टोकं. नोड एक लाख असले तरी चालतं, कारण घातांकात `n` नाही, `k` आहे. आता १००० नोडच्या ग्राफमध्ये दहाचा इंडिपेंडंट सेट शोधायला हीच युक्ती वापरू गेलात तर रिडक्शन तुम्हाला `1000 - 10` म्हणजे ९९० च्या कव्हरकडे नेतं, आणि फांद्या होतात `2^990`. सरळ दहा-दहाचे गट तपासले तरी ते साधारण `2.6 × 10^23` भरतात. लहान `k` रिडक्शनच्या पलीकडे गेल्यावर लहान उरत नाही.

उलट, ग्राफच्या जातीवर अवलंबून असलेली प्रत्येक गोष्ट मात्र जशीच्या तशी पलीकडे जाते, कारण आपण ग्राफला हातच लावला नाही. द्विभागी ग्राफवर कोनिगच्या प्रमेयामुळे (१९३१) सर्वांत लहान कव्हर मॅचिंगवरून काढता येतं, म्हणून तिथे इंडिपेंडंट सेटही सोपा. प्रतलीय ग्राफवर एक अवघड, म्हणून दुसराही.

माझ्या सभागृहाच्या ग्राफचंही तेच झालं. काही महिन्यांनी त्याच विभागाकडून नवी मागणी आली: मागण्या आधीच मंजूर झाल्यात आणि त्या एकमेकींवर आदळताहेत; कमीत कमी किती रद्द केल्या म्हणजे एकही टक्कर उरणार नाही? प्रत्येक टक्कर म्हणजे कड, रद्द केलेल्या म्हणजे कव्हर. या वेळी मी बैठकीत काही बोललो नाही. सहकाऱ्याचा जुना प्रोग्रॅम उघडला आणि त्याचं उत्तर एकूण मागण्यांतून वजा केलं.